चुलीचा हिशोब: गॅस, इंडक्शन आणि किटली

लालबागहून भाभींचा फोन आला तो तक्रारीच्या सुरात. "आपा, तुमचं ऐकून इंडक्शन घेतलं. गॅस वाचला म्हणता, पण विजेचं बिल बघा किती आलंय!"

खरं म्हणजे इंडक्शन घ्या असं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं गिरगावच्या खालाला, आणि खालाने ते सगळ्या खानदानात सांगितलं. गंमत अशी की त्याच महिन्यात खाला मला म्हणाली, "बेटा, तुझी ती चूल फार किफायती निघाली." दोघींकडे एकाच कंपनीची, दोन हजार वॅटची शेगडी. वीजही दोघींना बेस्टचीच, कारण कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत घरोघरी बेस्टच्याच तारा आहेत. मग एकीला ती स्वस्त आणि दुसरीला महाग कशी पडली? त्या प्रश्नाच्या मागे लागून आम्ही तीन आठवडे जे मोजलं, त्याचा हा हिशोब आहे.

लालबागमध्ये बसून गॅस आणि विजेची तुलना करण्यात एक जुना धागाही आहे. तिथली गॅस कंपनी गल्ली अनेकींना माहीत असेल. ते नाव सिलिंडरवरून पडलेलं नाही. कोळशापासून गॅस काढणाऱ्या बॉम्बे गॅस कंपनीवरून ते पडलं. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर जे गॅसचे दिवे लागले, ते याच कंपनीचे. पुढे वीज आली आणि दिव्यांच्या कामात तिने गॅसला हरवलं. स्वयंपाकघरात मात्र सामना अजून चालूच आहे.

एका सिलिंडरमध्ये किती युनिटं?

गॅस आपण किलोवर घेतो आणि वीज युनिटवर. दोन्ही एकाच मापात आणल्याशिवाय तुलना होत नाही. एक किलो एलपीजी पूर्ण जळला की सुमारे १२.८ युनिट विजेइतकी उष्णता निघते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, म्हणजे अख्ख्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटं भरलेली असतात.

पण ती सगळी पातेल्यात जात नाहीत. ज्योत पातेल्याच्या कडेने वर निसटते, बाजूची हवा तापवते, ओटा तापवते आणि जेवण करणारीलाही तापवते. एलपीजी शेगडीने किमान ६८ टक्के उष्णता भांड्याला दिली पाहिजे अशी भारतीय मानकाची अट आहे. ती चाचणी प्रयोगशाळेत होते. तिथे मोठं भांडं असतं, त्यावर झाकण असतं, बर्नर नवा असतो आणि वारा नसतो. आपल्या घरात गॅलरीचं दार उघडं, बर्नरची भोकं उतू गेलेल्या दुधाने अर्धी बुजलेली आणि वर दोन कपांचं छोटं पातेलं. त्यामुळे मी घरचा हिशोब ५५ टक्क्यांनी धरते. म्हणजे १८० युनिटांपैकी शंभरेक युनिटं अन्नापर्यंत पोहोचतात.

इंडक्शनचं काम वेगळं आहे. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून विजेचा चुंबकीय प्रभाव थेट भांड्याच्या बुडात जातो आणि बूड स्वतःच तापतं. मध्ये ज्योत नाही, म्हणून वाया कमी जातं. शंभरातली पंच्याऐंशी युनिटं तरी भांड्याला मिळतात. किटलीत तापणारी पट्टी पाण्याच्या अगदी खालीच असल्यामुळे ती नव्वदपर्यंत जाते.

आता मुख्य आकडा बघा. सिलिंडर जी शंभर युनिटं अन्नाला देतो, तेवढी द्यायला इंडक्शनला मीटरवर सुमारे ११८ युनिटं ओढावी लागतात. ८ एप्रिल २०२५ पासून मुंबईत घरगुती सिलिंडर ८५२ रुपये ५० पैशांना झाला. त्याला ११८ ने भागलं की सव्वासात रुपयांच्या आसपास उत्तर येतं. म्हणजे तुम्ही वापरलेल्या जादा युनिटाचा दर सव्वासात रुपयांपेक्षा कमी असेल तर इंडक्शन स्वस्त, आणि जास्त असेल तर गॅस स्वस्त. सिलिंडरचा भाव बदलला की नवा भाव ११८ ने भागा, नवी सीमारेषा मिळेल.

ही रेषा काही दगडावर कोरलेली नाही. तुमची शेगडी चांगली असेल, बर्नर साफ असेल आणि भांडी मोठी व झाकलेली असतील, तर ती सहा रुपयांपर्यंत खाली येते. शेगडी जुनी असेल आणि छोट्या भांड्याखाली मोठी ज्योत चालू असेल, तर पावणेनऊच्या आसपास वर जाते. पण मधला आकडा सव्वासात धरून चालायला हरकत नाही.

बिलाचा सरासरी दर फसवतो

भाभींनी मला बिलाचा फोटो पाठवला आणि म्हणाल्या, "एकूण रक्कम भागिले युनिट केलं, तर दर फार नाही. मग जास्त कसं आलं?" घोटाळा नेमका इथेच आहे.

मुंबईत घरगुती विजेचे चार टप्पे असतात. पहिली १०० युनिटं, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५०० आणि त्यापुढची. प्रत्येक टप्प्याचा दर चढता असतो. अनेकांना वाटतं की तीनशेच्या वर एक युनिट गेलं की सगळ्या बिलालाच महाग दर लागतो. तसं नाही. महाग दर फक्त त्या टप्प्यात पडलेल्या युनिटांना लागतो, खालची युनिटं खालच्याच दराने मोजली जातात. स्थिर आकार मात्र वापराच्या गटानुसार बदलू शकतो, तो बिलावर बघून घ्यावा.

इंडक्शन घेतलं की त्याची युनिटं या शिडीवर कुठे बसतात? पंखे, फ्रिज, दिवे आणि टीव्ही आधीपासून चालू आहेत, त्यांनी खालच्या पायऱ्या कधीच अडवलेल्या असतात. नवा पाहुणा सगळ्यात वर बसतो. म्हणून इंडक्शनला तुमच्या बिलाचा सरासरी दर लागत नाही, तुमच्या बिलातला सर्वांत वरच्या टप्प्याचा दर लागतो.

तो दर बिलातून काढायचा कसा? वीज आकाराच्या रकान्यात टप्प्यानुसार प्रत्येक युनिटाचा दर दिलेला असतो. तुमचा शेवटचा टप्पा शोधा आणि त्याचा दर घ्या. त्यात प्रत्येक युनिटामागचा वहन आकार मिळवा. इंधन समायोजन आकार लावलेला असेल तर तोही मिळवा. मग त्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क चढवा. स्थिर आकार यात धरायचा नाही, कारण शेगडी वापरा की न वापरा, तो द्यावाच लागतो. ही बेरीज आली की तुमचा खरा दर कळला. फक्त वीज आकाराचा दर बघून "आमचं युनिट स्वस्त आहे" असं म्हणणाऱ्यांची इथेच फसगत होते.

दर वर्षी-दोन वर्षांनी बदलतात, म्हणून पुढच्या हिशोबासाठी मी सोयीचे गोल आकडे धरले आहेत. सगळे आकार मिळून पहिल्या टप्प्याला साडेचार रुपये, दुसऱ्याला आठ आणि तिसऱ्याला बारा. तुम्ही त्या जागी आपल्या बिलातले आकडे घाला.

दोन घरं, दोन उत्तरं

खाला आणि खालूजान गिरगावच्या चाळीत दोघंच राहतात. एक पंखा, छोटा फ्रिज, दोन ट्यूबलाइट, आणि खालूजानचा रेडिओ. महिन्याला ५५ ते ६० युनिटं. इंडक्शनवर ती सकाळ-संध्याकाळ भात, डाळ, खिचडी आणि दूध करते. भाकरी आणि तळण गॅसवरच. त्यामुळे महिन्याला सुमारे ३५ युनिटं वाढली. तरी एकूण शंभरच्या आत राहिली, म्हणजे सगळी पहिल्याच पायरीवर. ३५ युनिटांचे साडेचार रुपयांनी १५७ रुपये होतात. तेवढंच शिजवायला गॅस लागला असता २५३ रुपयांचा. महिन्याला सुमारे ९५ रुपये वाचले.

फार वाटत असेल तर थांबा. शेगडीला १८०० रुपये लागले आणि इंडक्शनवर चालेल असा स्टीलच्या बुडाचा कुकर घ्यावा लागला, त्याचे १४००. हे ३२०० रुपये महिना ९५ च्या हिशोबाने सुटायला जवळजवळ तीन वर्षं लागतात. खालूजानना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तीन वर्षं सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर कमी वेळा चढवायचा, त्याचे पैसे कुठे धरलेस?" तो मुद्दा मला मान्य आहे. त्यांचा सिलिंडर आता साडेतीन महिन्यांच्या कितीतरी पुढे जातो.

भाभींचं घर पाच जणांचं. सिलिंडर ३५ दिवसांनी संपतो, म्हणजे महिन्याला गॅसचा खर्च सुमारे ७३० रुपये. विजेचा वापर एरवी २६० युनिटं आणि एप्रिल-मेमध्ये एसी लागला की ४०० च्या घरात. उत्साहाच्या भरात त्यांनी पहिल्या महिन्यात जवळजवळ सगळंच इंडक्शनवर नेलं. एका सिलिंडरची ११८ युनिटं ३५ दिवसांवर वाटली की रोज तीन-साडेतीन युनिटं होतात, म्हणजे महिन्याला शंभर. आधीच्या २६० वर ही शंभर चढली. त्यातली ४० दुसऱ्या टप्प्यात मावली, त्यांचे झाले ३२० रुपये. उरलेली ६० तिसऱ्या टप्प्यात गेली, त्यांचे ७२०. एकूण १०४० रुपये. गॅस ७३० मध्ये भागला असता. तोटा तीनशेच्या वर. हेच त्यांनी मेमध्ये केलं असतं तर शंभरच्या शंभर युनिटं बारा रुपयांच्या पायरीवर बसली असती, आणि ७३० च्या जागी १२०० गेले असते.

मग भाभींनी इंडक्शन विकून टाकावं का? तसंही नाही. फक्त ४० युनिटांइतकंच काम त्यावर ठेवलं तर ३०० ची रेषा ओलांडत नाही. त्या ४० युनिटांना ३२० रुपये लागतात आणि तेवढ्याच कामाला गॅस २९० चा लागतो. फरक तीस रुपयांचा, म्हणजे जवळजवळ बरोबरी. दुसऱ्या टप्प्यातल्या घरांची साधारण हीच गोष्ट आहे. पैसे फारसे वाचतही नाहीत आणि बुडतही नाहीत, त्यामुळे सोय बघून ठरवावं.

आम्ही मोजलं कसं

कागदावरची टक्केवारी ठीक आहे, पण भाभींना ती पटेना. म्हणून आम्ही त्यांच्याच घरी मोजलं.

विजेचं मोजणं सोपं आहे. नव्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी imp/kWh असं लिहून पुढे आकडा असतो. त्यांच्या मीटरवर ३२०० होता. याचा अर्थ दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. म्हणजे ३२० वेळा लुकलुकला की एक दशांश युनिट. घरातलं बाकी सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा, आणि किटलीत एक लिटर पाणी ठेवलं. अडचण एवढीच की चाळीचे मीटर तळमजल्यावर जिन्याखाली. पुतण्या खाली उभा राहून मोजत होता आणि फोनवर आकडे सांगत होता. शेजारच्या काकूंना वाटलं की बेस्टवाले आलेत.

चारेक मिनिटांत किटली बंद झाली आणि लुकलुक तीनशेच्या थोडी वर भरली. म्हणजे एक लिटर पाणी उकळायला एक दशांश युनिटाच्या किंचित आत. हिशोबही तेच सांगतो, कारण नळाच्या साध्या पाण्याला उकळीपर्यंत न्यायला पाण्यात ०.०८५ युनिट जावंच लागतं. दुसऱ्या टप्प्यातल्या घरात याचे ७५ पैसे झाले.

गॅस मोजायला आम्ही प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा वापरला. अर्धा रिकामा सिलिंडर असेल तर दोघांनी मिळून तो अलगद उचलता येतो. रेग्युलेटर आधी काढायचा, आणि एकदाच न तोलता तीनदा तोलून मधला आकडा घ्यायचा, कारण काटा हलतो. एका वेळच्या स्वयंपाकाचा गॅस इतका थोडा असतो की तो या काट्यावर नीट दिसत नाही. म्हणून पाच दिवस गॅसवर फक्त कुकर लावला, रोज दोनदा, आणि बाकीचं सगळं इंडक्शनवर. दहा कुकरांना मिळून २९० ग्रॅम गॅस लागला. एका कुकरला २९ ग्रॅम, म्हणजे पावणेदोन रुपये. त्यात अर्धा किलो तांदूळ आणि वरच्या डब्यात डाळ असायची.

पुढच्या आठवड्यात तोच कुकर, तेवढंच धान्य इंडक्शनवर. मीटरने पाव युनिट दाखवलं. खालाच्या घरी त्याचे सव्वा रुपयाच्या आत पैसे झाले असते. भाभींकडे पावसाळ्यात दोन रुपये, आणि एसीच्या दिवसांत तीन. भात तोच, कुकर तोच, शेगडीही तीच. बदलली ती फक्त पायरी.

किटलीचं काम कोणतं

किटली घेतली म्हणजे चहा स्वस्त झाला, असं समजू नका. आपल्याकडचा चहा म्हणजे गरम पाण्यात बुडवलेली पुडी नव्हे. पत्ती, आलं, दूध आणि साखर पातेल्यात उकळल्याशिवाय तो कुणाच्या गळ्याखाली उतरत नाही. दूध किटलीत घालायचं नाही, हे पहिल्यांदाच सांगते. ते तळाच्या पट्टीवर चिकटून जळतं, फेस येऊन उतू जातं आणि वाफेवर चालणारं बंद होण्याचं बटणही दगा देतं. भाभींच्या मुलाने हा प्रयोग करून झालाय.

किटलीचा खरा फायदा कुठे आहे ते पाण्याच्या आकड्यावरून कळतं. मोठ्या झाकलेल्या पातेल्यात गॅसवर एक लिटर पाणी उकळायला १२ ग्रॅम गॅस, म्हणजे ७२ पैसे. दुसऱ्या टप्प्यातली किटली ७५ पैशांची. बरोबरीच झाली. पण दोन कपांचं छोटं पातेलं मोठ्या बर्नरवर ठेवलं आणि ज्योत त्याच्या काठाबाहेर येत असली, तर गॅसची उष्णता पातेल्याला चाळीस टक्केच मिळते. मग लिटरमागे रुपया जातो. म्हणजे थोडं पाणी असेल तिथे किटली जिंकते. सेहरीच्या वेळी चहाचं पाणी, औषधाचं गरम पाणी, बाळाच्या बाटल्या, किंवा डाळीत ओतायला आधण, ही तिची कामं. डाळीत उकळतं पाणी घातलं की गॅसवरचा वेळही तेवढा कमी होतो.

किटली महाग पडते ती एकाच सवयीने. दोन कप पाणी हवं असताना ती गळ्यापर्यंत भरायची, उकळवायची, आणि उरलेलं निवू द्यायचं. संध्याकाळी तेच पाणी पुन्हा उकळायचं. दीड लिटर उकळून अर्धा लिटर वापरलं की किटलीची सगळी कार्यक्षमता सिंकमध्ये गेली.

तळाशी पांढरा थर साचतो अशी तक्रारही ऐकू येते. महापालिकेचं तलावांचं पाणी तसं मऊ असतं, त्याने फारसा थर येत नाही. इमारतीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळलं जात असेल तर तो लवकर दिसतो. थर आला की पाणी उकळायला वेळ लागतो आणि युनिटही वाढतं. पाण्यात थोडा व्हिनेगर घालून उकळून अर्धा तास ठेवलं की तो सुटतो.

जे इंडक्शनला जमत नाही

तांदळाच्या भाकरीसाठी ज्योतच लागते. तव्यावर एक बाजू होते, मग ती आचेवर टाकली की फुगते. इंडक्शनवर ती फुगवायला आच आणायची कुठून? शिवाय वेटोळं लहान असतं, तव्याचा मधला भाग लाल होतो आणि कडा कच्च्या राहतात.

बिर्याणीच्या दमचंही तसंच. इंडक्शनला सगळ्यात कमी आचेवर ठेवलं की बऱ्याच स्वस्त शेगड्या खरोखर कमी आच देत नाहीत. त्या हजारेक वॅटवर काही सेकंद चालतात, मग थांबतात, मग पुन्हा चालतात. पातळ बुडाच्या पातेल्यात तळचा थर त्या प्रत्येक झटक्याला लागतो. गॅसवर बारीक ज्योत, वर तवा आणि त्यावर पातेलं, ही जुनी पद्धत इथे अजून सरस आहे. दमला गॅसही फार लागत नाही.

भांड्यांचं तर ठाऊकच आहे. कोकणातून आलेली तांब्याची देगची आणि ॲल्युमिनियमची पातेली इंडक्शनवर नुसती बसून राहतात. फ्रिजवरचं चुंबक बुडाला घट्ट चिकटलं तर भांडं चालेल. सैल चिकटलं तर शेगडी चालू होते, पण पूर्ण जोर घेत नाही आणि स्वयंपाक लांबतो.

आणखी एक गोष्ट जुन्या चाळींत फार महत्त्वाची आहे. दोन हजार वॅटची शेगडी जवळजवळ नऊ अँपिअर ओढते आणि दीड हजार वॅटची किटली साडेसहा. पंख्या-दिव्याचं लहान सॉकेट सहा अँपिअरचं असतं. शेगडीला आणि किटलीला सोळा अँपिअरचं मोठं सॉकेट हवं, नीट अर्थिंगसह. ॲडॅप्टर लावून चालवलं तर सुरुवातीला चालतं. नंतर प्लगच्या पिना तपकिरी पडतात, स्विचला हात लावला तर गरम लागतो आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो. यातलं एकही दिसलं तर तिथेच थांबायचं आणि वायरमनला बोलवायचं. खालाकडे नवी वायर ओढायला आणखी सातशे रुपये गेले. म्हणजे तिची तीन वर्षं आता जवळजवळ साडेतीनवर गेली.

पाइपचा गॅस असेल तर

दादर-परळच्या नव्या इमारतींत महानगर गॅसचा पाइप आलेला आहे. तिथे हिशोब घनमीटरवर होतो. एप्रिल २०२५ मध्ये घरगुती दर घनमीटरला ४९ रुपये झाला. एका घनमीटरमध्ये साधारण दहा युनिटं उष्णता असते. पाइपच्या गॅससाठीच बनवलेला बर्नर असेल तर त्यातली निम्म्याहून थोडी जास्त, ५५ टक्के, भांड्याला मिळते. मग सीमारेषा साडेसात रुपयांच्या जरा वर येते, म्हणजे सिलिंडरसारखीच.

पण पुष्कळ घरांत सिलिंडरचीच जुनी शेगडी जेट बदलून पाइपला जोडलेली असते. तिला चाळीस टक्केच साधतात. मग रेषा एकदम दहा रुपयांच्या वर जाते आणि दुसऱ्या टप्प्यातल्या घरालासुद्धा इंडक्शन परवडतं. अशा घरात आधी शेगडीकडे बघावं. ज्योत पिवळी दिसते का, पातेली काळी होतात का, ज्योत बर्नर सोडून उड्या मारते का? तसं असेल तर नव्या इंडक्शनपेक्षा पाइपच्या गॅसचा योग्य बर्नर बसवणं स्वस्त पडेल.

भाभींनी शेवटी काय केलं ते सांगते. जूनपासून मार्चपर्यंत कुकर आणि दूध इंडक्शनवर, बाकी सगळं गॅसवर. एसी लागला की शेगडी पिशवीत घालून माळ्यावर. किटली बारा महिने ओट्यावर असते, आणि तिच्यावर पुतण्याने मार्करने दोन कपांची रेघ मारून ठेवली आहे.